चहाच्या पाकिटावरचा मजकूर मराठीत आणताना: चव वेगळी, मुलूख वेगळा

दार्जिलिंग चहाच्या शंभर ग्रॅमच्या पाकिटावर मागच्या बाजूला फार तर चाळीस-पन्नास शब्द असतात. ठाणे-नवी मुंबईत चहा पॅक करून विकणारे बरेच जण आहेत, आणि आता त्यांना पाकिटावर मराठी मजकूरही हवा असतो. हे काम अर्ध्या तासाचं वाटतं. पण त्या चाळीस-पन्नास शब्दांत तीन वेगळ्या प्रकारची विधानं एकमेकांत मिसळलेली असतात, आणि त्यांना एकाच सुरात मराठीत आणलं की चवीचं वर्णन घटकपदार्थाचा दावा होऊन बसतं किंवा मुलखाचं नाव नुसतं विशेषण होऊन जातं. पॅकरला नोटीस येण्यासारख्या बहुतेक चुका या दोनच वाटांनी येतात. म्हणून इथे एकच पाकीट घेऊन ते शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

नमुन्याचा मजकूर असा धरू. मूळ इंग्रजी आहे, वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत देतो:

"सेकंड फ्लश दार्जिलिंग टी. सिंगल इस्टेट, ऑर्थोडॉक्स, एफटीजीएफओपी-1. हँडप्लक्ड ऑन मिस्टी स्लोप्स अप टू 6,000 फीट. ब्राइट कॉपरी लिकर, फुल बॉडी, मस्कटेल कॅरेक्टर विथ नोट्स ऑफ राइप पीच अँड हनी, ब्रिस्क फिनिश. द शॅम्पेन ऑफ टीज. पॅक्ड इन नवी मुंबई."

आधी तीन रंग

मजकुराची प्रत छापून घ्या आणि तीन पेनं घ्या: लाल, निळं, हिरवं. प्रत्येक शब्दाला एक प्रश्न विचारा: हा खोटा आहे असं कोणी म्हणालं, तर ते कुठे तपासणार?

कायद्याने नोंदलेल्या नावाच्या नोंदवहीत तपासावं लागत असेल तर तो शब्द लाल. बागेच्या बिलात, लॉटच्या कागदात, प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात तपासता येत असेल तर निळा. जिभेशिवाय दुसरीकडे कुठेच तपासता येत नसेल तर हिरवा.

आपल्या मजकुरात लाल शब्द एकच दिसतो, "दार्जिलिंग टी". दुसरा लाल शब्द कौतुकाच्या आड लपला आहे, त्याच्याकडे नंतर येतो. सेकंड फ्लश, सिंगल इस्टेट, ऑर्थोडॉक्स, एफटीजीएफओपी, हाताने खुडणं, उंची आणि पॅकिंगचं ठिकाण हे सगळं निळं. रंग, बॉडी, मस्कटेल, पीच, मध, ब्रिस्क हे हिरवं.

रंग लावून होईपर्यंत अनुवादाचा एकही शब्द लिहू नका. एकदा मराठी वाक्य सुंदर जमलं की ते मोडायला हात धजत नाही.

लाल शब्द: याला हात लावायचा नाही

दार्जिलिंग चहा हे भारतात भौगोलिक मानांकन मिळालेलं पहिलं नाव. 1999 चा कायदा 2003 मध्ये लागू झाला आणि पुढच्याच वर्षी ही नोंद झाली. नाव आणि चहाची पानं हातात धरलेल्या स्त्रीचं बोधचिन्ह, दोन्ही टी बोर्डाच्या नावावर आहेत. युरोपीय संघानेही 2011 मध्ये या नावाला संरक्षण दिलं. तेव्हा "दार्जिलिंग चहा" हे शब्द दिसायला वर्णनासारखे असले तरी ते एका मालकीच्या, ठरलेल्या व्याख्येच्या वस्तूचं नाव आहे.

ती व्याख्या अनुवादकाला माहीत हवी, कारण मराठीतली एक साधी सवय तिला धक्का लावते. आपण सहज "नाशिक जिल्ह्यातील द्राक्षं", "रत्नागिरी जिल्ह्यातला हापूस" असं म्हणतो. त्याच ओघात "दार्जिलिंग जिल्ह्यातील चहा" लिहिलं जातं, आणि ते चूक ठरतं. मानांकनाचा प्रदेश आणि जिल्ह्याची हद्द एक नाहीत. दार्जिलिंग जिल्ह्यातच सिलिगुडीच्या आसपासचा सपाट तराईचा भाग येतो. तिथे चहाच्या बागा आहेत, पण तो चहा दार्जिलिंग चहा नाही. उलट कालिंपाँग 2017 मध्ये वेगळा जिल्हा झाला, तरी तिथला डोंगराळ भाग व्याख्येत आहे. म्हणजे "जिल्ह्यातील" हा एक शब्द घातल्याने नको तो चहा आत येतो आणि हवा तो बाहेर जातो. मूळ मजकुरात जिल्हा नसेल तर मराठीतही तो आणायचा नाही. "पश्चिम बंगालच्या डोंगरातला", "हिमालयाच्या कुशीतला" अशी स्पष्टीकरणंही नकोत.

दुसरी सवय ई-प्रत्ययाची. ठाण्यात बनलेली, ठाण्यातच खाल्लेली मिसळ आपण "कोल्हापुरी" म्हणतो आणि कोणाची फसवणूक होत नाही, कारण मराठीत हा प्रत्यय गावाइतकाच पद्धतीकडेही बोट दाखवतो. नेमक्या याच कारणाने "दार्जिलिंगी चहा" लिहू नये. वाचणाऱ्याला तो दार्जिलिंगच्या धर्तीचा चहा वाटू शकतो. खरा दार्जिलिंग असेल तर आपण त्याची किंमत कमी करतो, आणि खरा नसेल तर नावाचा गैरवापर करतो.

"दार्जिलिंगसारखा", "दार्जिलिंग पद्धतीचा", "दार्जिलिंग धाटणीचा" यांच्याबाबत कायद्याचं बोलणं स्पष्ट आहे. 1999 च्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे, माल खऱ्या ठिकाणाऐवजी दुसऱ्याच प्रदेशातून आल्याचं सुचवणारी मांडणी हे उल्लंघन आहे, मग ती कोणत्याही मार्गाने केलेली असो. केंद्र सरकारने ज्या वस्तूंना वाढीव संरक्षण जाहीर केलं असेल त्यांच्यासाठी तर "प्रकार", "शैली", "नक्कल" असे शब्द जोडणं आणि नावाचं भाषांतर करून वापरणं, दोन्ही त्याच कलमात नाव घेऊन येतात. भाषांतर केलं म्हणून नाव मोकळं होत नाही, हे अनुवादकाने भिंतीवर लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

त्यामुळे लाल शब्दाचं काम थोडक्यात असं: नाव देवनागरीत जसंच्या तसं उतरवायचं, शब्दांचा क्रम बदलायचा नाही, मध्ये विशेषण घुसवायचं नाही. "दार्जिलिंग चहा". पुढून, मागून, खोक्यावर, दुकानातल्या पट्टीवर, सगळीकडे एकच वर्णलेखन. आणि पॅकरला लेखी विचारायचं: टी बोर्डाची परवानगी आहे का, आणि पाकिटात दार्जिलिंग शंभर टक्के आहे का? उत्तर "थोडा आसाम मिसळतो" असं आलं तर अनुवाद तिथेच थांबवा. ही अडचण मराठीने सुटत नाही, मूळ लेबलच बदलावं लागतं.

शेजारच्या नेपाळमधल्या इलाममध्येही अशाच उंचीवर, अशाच झाडांचा चहा होतो आणि कपात तो कधीकधी फार जवळचा लागतो. म्हणून "चव तर तशीच आहे" हा युक्तिवाद पॅकरकडून येतो. चवीवरून मुलूख ठरत नाही. मजकुराचे रंग वेगळे करण्यामागचं मुख्य कारणच हे आहे.

निळे शब्द: चवीचे वाटतात, पण नसतात

सगळ्यात जास्त घसरण इथे होते. एफटीजीएफओपी म्हणजे फाइनेस्ट टिप्पी गोल्डन फ्लॉवरी ऑरेंज पेको. हा पानाचा दर्जा आहे. पान किती अखंड आहे आणि त्यात कोवळ्या कळ्या किती आहेत, एवढंच तो सांगतो. यातल्या "ऑरेंज"चा संत्र्याशी संबंध नाही, "फ्लॉवरी"चा फुलांच्या वासाशी नाही, आणि "गोल्डन" हा रंग सुकलेल्या कळ्यांच्या टोकांचा आहे, कपातल्या चहाचा नाही. "सोनेरी रंगाचा, संत्र्याच्या आणि फुलांच्या सुगंधाचा" असं भाषांतर वाचायला गोड लागतं, पण त्यात तीन खोटी विधानं असतात. दर्जाची अक्षरं तशीच ठेवा: एफटीजीएफओपी-1. जागा असेल तर खाली "भरपूर कोवळ्या कळ्या असलेलं अखंड पान" एवढं पुरे.

"सेकंड फ्लश"चं काय करायचं? दार्जिलिंगमध्ये पहिली पालवी मार्च-एप्रिलमध्ये येते, दुसरी मे-जूनमध्ये, मग पावसाळी आणि शेवटी ऑक्टोबर-नोव्हेंबरची. मराठी बागायतदाराच्या तोंडी मृग बहार, हस्त बहार असतात, त्यामुळे "दुसरा बहार" लिहावंसं वाटतं. मी ते टाळतो, कारण बहार फुलाफळांचा असतो आणि चहात पान खुडतात. "सेकंड फ्लश (मे-जूनची खुडणी)" हे मला सरळ वाटतं. पण महिने लिहिण्याआधी लॉटच्या कागदावर खुडणीची तारीख पाहा. हा निळा शब्द आहे, म्हणजे कागद मागायचाच.

"अप टू 6,000 फीट" याचं "6,000 फुटांवर खुडलेला" होता कामा नये. एकाच बागेचा खालचा भाग आणि वरचा भाग यांत मोठी चढण असते. मुळात "पर्यंत" आहे, तर मराठीतही "6,000 फुटांपर्यंतच्या उतारांवर". "सिंगल इस्टेट" म्हणजे एकाच बागेतला. "ऑर्थोडॉक्स" म्हणजे पान वळून, अखंड ठेवून केलेला चहा, आपल्या घरातल्या दाणेदार सीटीसीपेक्षा वेगळा. त्याचं "पारंपरिक" करू नका, कारण पुढे दिसेल.

हिरवे शब्द: आधी कप, मग वाक्य

चवीचा भाग चाखल्याशिवाय लिहू नये. चाचणीसाठी आंतरराष्ट्रीय मानक पद्धत सोपी आहे: 100 मिलिलीटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम चहा, झाकण ठेवून 6 मिनिटं. हा चहा पिण्यासाठी कडकच होतो, पण गुणदोष उघडे पडतात. मग पाकिटावर दिलेल्या वेळेप्रमाणे, बहुधा तीन मिनिटांचा, दुसरा कप करा. दूध-साखर नाही. वर्णन दुसऱ्या कपाचं करायचं, पहिला कप शब्द पारखायला.

चहा चाखणाऱ्यांच्या शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. "लिकर" म्हणजे गाळलेला चहा. मराठीत "लिकर" लिहिलं तर दुकानातला माणूस दारूच समजेल, म्हणून "कपातला चहा" किंवा नुसतं "रंग" म्हणा. "बॉडी" म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा. याला मराठीत एकच नाम शोधत बसू नका. "घोट तोंड भरून टाकतो" हे क्रियापदाने जास्त खरं उतरतं. "ब्रिस्क" म्हणजे मिळमिळीत नसलेला, जिभेला जागं करणारा. इथे मराठी श्रीमंत आहे: "तरतरीत" आहे आणि "तुरट"ही आहे. आले-दुधाच्या चहाची सवय असलेल्या वाचकाला "तुरट" दोष वाटेल अशी पॅकरला भीती असते. मी तरीही "हलकी तुरटी" लिहायचा आग्रह धरतो, कारण ती कपात आहे आणि ती लपवली तर गिऱ्हाईक पहिल्याच घोटाला नाराज होतं.

"मस्कटेल" जरा अवघड आहे. दुसऱ्या खुडणीच्या दार्जिलिंगमध्ये तुडतुडे आणि फुलकिडे कोवळं पान चावतात, झाड त्याला उत्तर म्हणून काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि त्यातून मस्कट जातीच्या द्राक्षासारखा हा वास येतो. याचं "मस्कती" केलं तर वाचक ओमानच्या मस्कतला पोचतो, म्हणजे चवीचा शब्द नकळत मुलखाचा होतो. "द्राक्षाचा" एवढंच लिहिलं तर आपल्याकडच्या हिरव्या थॉमसन द्राक्षाची आंबट-गोड चव डोळ्यांपुढे येते, तीही नव्हे. दादर-ठाण्याच्या वाण्याकडे मिळणाऱ्या काळ्या मनुकांचा वास सगळ्यांत जवळचा. "काळ्या मनुकांच्या जवळ जाणारा वास" असं मी लिहितो, आणि पॅकरला हवं असेल तर "मस्कटेल" शब्दही शेजारी ठेवतो.

आता पीच आणि मध. "नोट्स ऑफ हनी" म्हणजे मधाची आठवण व्हावी असा गंध. पाकिटात मधाचा थेंबही नाही. मराठीत "मधाचा स्वाद असलेला", "मधयुक्त", "पीच फ्लेवरचा" लिहिलं की अर्थ बदलतो. चहात बाहेरून स्वाद घातला असेल तर पाकिटावर "फ्लेवर्ड टी" असं जाहीर करावंच लागतं. म्हणजे आपल्या वाक्यामुळे साधा चहा कागदोपत्री वेगळ्या प्रकारात ढकलला जातो. सुरक्षित शब्दप्रयोग तीन: "आठवण करून देणारा", "जवळ जाणारा", "-सारखा". टाळायचे शब्द तीन: "-युक्त", "-मिश्रित", "स्वाद असलेला".

याच भागात आणखी एक सापळा आहे. वाक्य सजवायला आपण सहज शुद्ध, अस्सल, ताजा, नैसर्गिक, पारंपरिक हे शब्द घेतो. मुळात "क्लीन फिनिश" असतं आणि मराठीत "शुद्ध चव" होतं. अन्नाच्या जाहिराती आणि दाव्यांविषयीच्या 2018 च्या नियमांत याच अर्थाच्या इंग्रजी शब्दांना अटी घातलेल्या आहेत. ते कधी वापरायचे आणि कधी नाही, हे तिथे लिहिलं आहे. मुळात नसलेला असा शब्द अनुवादकाने घालणं म्हणजे पॅकरच्या वतीने परस्पर दावा करणं. "साखरेशिवायही गोड" ही ओळही त्याच कारणासाठी नको, कारण साखरेविषयीचे दावेही नियमांत येतात. अंगवळणी पडलेले हे पाच-सहा शब्द एका चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि काम झाल्यावर मसुद्यात शोधून काढा.

"शॅम्पेन ऑफ टीज"

हाच तो लपलेला लाल शब्द. दार्जिलिंगचं हे कौतुक जुनं आहे, पण त्यात फ्रान्समधल्या दुसऱ्याच एका मुलखाचं नोंदलेलं नाव अडकलं आहे. युरोपात हे संरक्षण फक्त वाइनपुरतं नाही: स्पेनमधल्या खाणावळींच्या "चाम्पानियो" या नावावरून गेलेल्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं की नावाची नुसती आठवण करून देणंही, आणि सेवांच्या बाबतीतही, या संरक्षणात येऊ शकतं. माझा सल्ला ठाम आहे: मराठीत ही ओळ गाळा आणि का गाळली ते पॅकरला कळवा. "चहांचा राजा" वगैरे बदली ओळ स्वतःहून घालू नका, ती कोणी मागितलेली नाही.

जोडणी

आता तुकडे एकत्र आणायचे, पण मिसळायचे नाहीत. नियम एकच: लाल आणि हिरवा शब्द एका वाक्यात येऊ द्यायचा नाही. "दार्जिलिंगच्या धुक्यात मुरलेली मनुकांची चव" हे वाक्य मोहक आहे, पण त्यात मुलूख हे चवीचं कारण म्हणून येतो आणि दोन्ही विधानं तपासण्यापलीकडे जातात. मूळ मजकुरातलं "मिस्टी स्लोप्स" मी उतारांपुरतं ठेवलं आणि धुकं सोडलं. ते ना कागदावर तपासता येतं, ना कपात.

तयार मजकूर असा:

दार्जिलिंग चहा
सेकंड फ्लश (मे-जूनची खुडणी) | ऑर्थोडॉक्स | एफटीजीएफओपी-1
एकाच बागेतला, 6,000 फुटांपर्यंतच्या उतारांवर हाताने खुडलेला.
नवी मुंबईत पॅक केलेला.

चव: रंग तांब्यासारखा, लखलखीत. घोट तोंड भरून टाकतो. वास काळ्या मनुकांच्या आणि पिकलेल्या पीचच्या जवळ जाणारा, मागे मधाची आठवण करून देणारा गोडवा. शेवटी जिभेवर हलकी, तरतरीत तुरटी रेंगाळते.

वरचा भाग आणि "चव" यांच्यामध्ये रेघ किंवा मोकळी ओळ हवीच, आणि मांडणी करणाऱ्या कलाकाराला ती काढू नका असं सांगावं लागतं. "नवी मुंबईत पॅक केलेला" ही ओळ नावाच्या इतक्या जवळ ठेवू नका की चहाच नवी मुंबईचा वाटावा, आणि इतकी बारीकही करू नका की दिसू नये. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत राहतेच. मराठी हा जास्तीचा मजकूर आहे आणि तो त्या माहितीशी विसंगत असून चालत नाही. म्हणून शेवटी दोन्ही शेजारी ठेवून एकेक निळा शब्द जुळवा.

मग पाकीट न पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीला फक्त मराठी मजकूर द्या. जांभळी नाक्यावरचा चहावाला असो की शेजारच्या काकू, तीन प्रश्न विचारा: चहात काय काय घातलंय? तो कुठला आहे? प्यायल्यावर कसा लागेल? पहिल्याचं उत्तर "चहाच" असं आलं पाहिजे. "मध घातलाय ना?" असं विचारलं गेलं तर हिरवा भाग पुन्हा लिहा. दुसऱ्याचं उत्तर "दार्जिलिंग" सोडून काही आलं, तर वरच्या भागाची मांडणी चुकली आहे.

वाइनचं पाकीट, म्हणजे बाटली, आली तर

पद्धत हीच, लाल शब्द जास्त. "नाशिक व्हॅली वाइन" हेही नोंदलेलं नाव आहे. त्याचं "नाशिकच्या खोऱ्यातली वाइन" करू नका, नाव तसंच ठेवा. "ड्राय" हा चवीचा वाटतो, पण तो साखरेच्या प्रमाणावर ठरतो, म्हणजे निळा. "कोरडी" लिहिण्यापेक्षा "ड्राय" बरं. युरोपातल्या फसफसणाऱ्या वाइनमध्ये तर "एक्स्ट्रा ड्राय" ही "ब्रूट"पेक्षा गोड असते. तिथे जिभेवर किंवा इंग्रजीवर विसंबून चालत नाही. स्पेनच्या रियोहातल्या रेड वाइनच्या बाटलीवरचा "रेसेर्वा" हा किमान तीन वर्षं मुरवण्याच्या अटीशी बांधलेला शब्द आहे, त्याचं "खास" किंवा "राखीव" करू नये. ओक, व्हॅनिला, चेरी हे हिरवे, पण "ओक"च्या बाबतीत विचारा: पिंपात मुरवली आहे, की नुसता वास लागतो? पहिलं निळं, दुसरं हिरवं.

पुढच्या लॉटसाठी

तिन्ही रंगांचे भाग वेगवेगळ्या फाइलींत ठेवा आणि प्रत्येक निळ्या शब्दासमोर तो कोणत्या कागदावरून घेतला ते लिहा. त्याच बागेचा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा माल आला की लाल फाइल तशीच राहते. निळ्या फाइलीत "सेकंड फ्लश"च्या जागी "ऑटम्नल" येतं, महिने बदलतात, आणि दर्जाची अक्षरं नव्या बिलावरून पुन्हा तपासायची. हिरवी फाइल मात्र कोरी करून घ्यायची, कारण शरदातल्या खुडणीत मस्कटेल तसा मिळेलच असं नाही. पाणी उकळायला ठेवायचं, दोन ग्रॅम चहा मोजायचा आणि पुन्हा चाखून लिहायचं.